गर्भनलिका वाचवायच्या असतील तर: क्लॅमिडिया आणि ओटीपोटातल्या संसर्गाची तपासणी व उपचार, योग्य क्रमाने

मूल राहत नाही म्हणून येणाऱ्या जोडप्यांच्या फायलीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. सोनोग्राफीचे चार-पाच रिपोर्ट असतात, थायरॉईड असतं, नळ्यांचा एक्स-रेही असतो. क्लॅमिडियाची तपासणी मात्र नसते, किंवा असते ती चुकीची. नवऱ्याला कुणी औषध दिलेलं नसतं. 'पांढरं जातं' म्हणून बाईने मेडिकलमधून चार गोळ्यांचं किट तीनदा घेतलेलं असतं.

यातली प्रत्येक गोष्ट सुटी पाहिली तर फार मोठी चूक वाटत नाही. खरा घात क्रम चुकल्याने होतो. आधी संसर्ग शोधायचा, मग दोघांचा एकाच वेळी उपचार, मग फेरतपासणी, आणि त्यानंतरच नळ्यांची तपासणी, असा हा क्रम आहे. खाली तो टप्प्याटप्प्याने दिला आहे. औषधांची नावं आणि डोस लिहिले आहेत ते तुमची चिठ्ठी तुम्हाला वाचता यावी म्हणून. स्वतःहून सुरू करण्यासाठी ते नाहीत.

## टप्पा १: संशय कधी घ्यायचा

क्लॅमिडिया हा जिवाणू लैंगिक संबंधातून येतो आणि स्त्रीच्या गर्भाशयाच्या मुखाशी राहतो. बहुसंख्य स्त्रियांना आणि सुमारे निम्म्या पुरुषांना त्याचा काहीच त्रास जाणवत नाही. म्हणून 'मला तर काहीच होत नाही' हे कारण तपासणी टाळायला पुरत नाही.

मुखापासून तो वर गर्भाशयात आणि तिथून गर्भनलिकांत चढला की ओटीपोटाचा संसर्ग होतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तो 'पीआयडी' असा लिहिलेला असतो. नलिकेच्या आत बारीक केसांसारखे तंतू असतात आणि ते स्त्रीबीज पुढे सरकवतात. संसर्गाशी लढताना शरीरात जी सूज येते, तिच्यात हे तंतू झडतात, आतल्या भिंती एकमेकींना चिकटतात, कधी नळीचं टोक बंद होऊन आत पाणी साठतं. औषध जिवाणूला मारतं, चिकटलेली नळी मोकळी करत नाही. पुढचे सगळे टप्पे या एका गोष्टीवर उभे आहेत.

लक्षणं असली तरी ती साधी वाटतात. संबंधानंतर थोडं रक्त दिसणं, दोन पाळ्यांच्या मध्ये डाग लागणं, संबंधाच्या वेळी आत खोलवर दुखणं, ओटीपोटात दोन्ही बाजूंना बोथट दुखत राहणं, पिवळसर स्राव, लघवीला जळजळ होऊनही लघवीचा रिपोर्ट स्वच्छ येणं. काही स्त्रियांना उजव्या बरगडीखाली दुखतं आणि तपासणी पित्ताशयाची होत राहते. या संसर्गात यकृताच्या आवरणालाही सूज येऊ शकते, हे तिथे कुणाच्या लक्षात येत नाही.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार सापडला. याआधी कधी आतून तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. शहरात आज चित्र बरं आहे, पण 'आतून नको, सोनोग्राफीच करा' हे वाक्य पुण्या-मुंबईतही रोज ऐकू येतं. सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणून ओटीपोटाचा संसर्ग नाही असं ठरत नाही. नळी फुगेपर्यंत ती सोनोग्राफीत सहसा दिसतच नाही.

तपासा: गेल्या काही वर्षांत गर्भपात, गर्भपाताच्या गोळ्या, क्युरेटिंग, बाळंतपण किंवा तांबी यानंतर ताप येऊन ओटीपोट दुखलं होतं का? तारीख आणि त्या वेळी घेतलेलं औषध कागदावर लिहा. ओटीपोटाचा संसर्ग दर वेळी क्लॅमिडियाचाच नसतो. अर्धवट राहिलेल्या गर्भपातानंतर इतर जिवाणूही तेवढंच नुकसान करतात. गर्भपाताच्या गोळ्या सोनोग्राफी न करता परस्पर घेतल्या असतील तर तेही लिहा. डॉक्टरांना ते कळणं गरजेचं आहे.

## टप्पा २: जाण्याआधीची तयारी

इथे फार काही करायचं नाही, पण जे आहे ते चुकवलं की पुढची चाचणी वाया जाते.

नमुना देण्याआधी अँटिबायोटिक सुरू करू नका. 'जाईपर्यंत दोन गोळ्या घेतल्या' की जिवाणू अर्धवट मरतात, रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, आणि संसर्ग मात्र तिथेच राहतो. गेल्या महिन्यात काही घेतलं असेल तर रिकामी स्ट्रिप सोबत न्या.

योनीमार्ग पाण्याने, साबणाने किंवा 'इंटिमेट वॉश'ने आतून धुऊ नका. नमुन्यासाठी तर नकोच, एरवीही नको. आतून धुण्याच्या सवयीचा आणि ओटीपोटाच्या संसर्गाचा संबंध अभ्यासांत दिसला आहे. योनीत ठेवायची गोळी किंवा मलम चालू असेल तर तसं सांगा. पाळीच्या जास्त रक्तस्रावाचे दिवस सोडून द्या, पण जोरात दुखत असेल किंवा ताप असेल तर पाळी थांबायची वाट पाहू नका.

शेवटच्या पाळीची तारीख हवीच. पाळी एक दिवसही पुढे गेली असेल तर आधी गरोदरपणाची चाचणी करायची. ओटीपोटात दुखणं आणि पाळी चुकणं एकत्र आलं की नळीत राहिलेला गर्भ हा पहिला संशय असतो.

नवऱ्याला सोबत न्या. सासूबाईंना किंवा जावेला नेलंत तरी हरकत नाही, पण डॉक्टरांशी बोलताना आत तुम्ही एकट्या किंवा दोघंच असा. आधीचे संबंध, आधीचा गर्भपात या गोष्टी तिसऱ्या माणसासमोर खऱ्या सांगितल्या जात नाहीत. आणि इथे निदान याच गोष्टींवर चालतं.

## टप्पा ३: योग्य चाचणी, योग्य नमुना

सर्वाधिक पैसे वाया जातात ते या टप्प्यावर.

क्लॅमिडिया आत्ता शरीरात आहे का, हे सांगणारी चाचणी म्हणजे पीसीआर पद्धतीची चाचणी. तिला 'नॅट' असंही म्हणतात. हा जिवाणू आपल्या पेशींच्या आत राहतो, त्यामुळे साध्या कल्चरमध्ये वाढत नाही. योनीस्रावाचं कल्चर 'नो ग्रोथ' आलं तर त्यावरून क्लॅमिडिया नाही असं म्हणता येत नाही. लघवीच्या रुटीन तपासणीत, रक्ताच्या सीबीसीत किंवा पॅप स्मिअरमध्येही तो सापडत नाही. पॅप स्मिअर झाली म्हणजे 'सगळं तपासून झालं' हा समज पक्का रुजलेला आहे, पण ती चाचणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पूर्वखुणा पाहते.

दुसरी फसवी चाचणी म्हणजे रक्तातली क्लॅमिडिया 'आयजीजी'. ती पॉझिटिव्ह असेल तर कधीतरी संसर्ग होऊन गेला एवढंच कळतं. आत्ता आहे की नाही, हे ती सांगत नाही. आयजीजी पॉझिटिव्ह आली म्हणून औषधांचा कोर्स, आणि कोर्सनंतर ती 'निगेटिव्ह का होत नाही' म्हणून दुसरा कोर्स, असंही होतं. अँटिबॉडी वर्षानुवर्षं रक्तात राहतात. या चाचणीचा उपयोग एवढाच की मूल राहत नसेल आणि आयजीजी पॉझिटिव्ह असेल, तर नळ्यांकडे लवकर आणि गंभीरपणे पाहायचं.

नमुना स्त्रीसाठी योनीच्या आतल्या स्वॅबचा घ्यावा. तो स्वतःलाही घेता येतो: हात धुऊन, काडी साधारण ५ सेंटिमीटर आत घालून, भिंतीला टेकवत १० ते ३० सेकंद फिरवून, थेट लॅबने दिलेल्या नळीत टाकायची. कापूस दुसरीकडे कुठे टेकवायचा नाही. लघवीचा नमुनाही चालतो, पण त्यात काही संसर्ग निसटतात.

पुरुषासाठी लघवीच पुरते, मात्र सुरुवातीची. निदान एक तास लघवी न करता थांबायचं आणि पहिल्या धारेतली २० ते ३० मिलिलिटर लघवी घ्यायची. एरवी लघवीच्या तपासणीला 'मधली धार' सांगतात, सवयीने लोक तीच देतात, आणि इथे नेमकी पहिलीच धार हवी असते.

तपासा: लॅबला विचारायचं वाक्य हे: 'क्लॅमिडिया आणि गोनोरिया, सीटी-एनजी पीसीआर, स्वॅबवर होतं का?' गोनोरिया हाही लैंगिक संबंधातूनच येणारा संसर्ग आहे. काही लॅब दहा-बारा जिवाणूंचं मोठं पॅनेल पुढे करतात. सुरुवातीला त्याची गरज क्वचितच असते, आणि त्यात योनीत एरवीही राहणारे जिवाणू 'पॉझिटिव्ह' येऊन घाबरवतात. त्याच भेटीत एचआयव्ही आणि सिफिलिसची रक्ततपासणी मात्र करून घ्या.

पीसीआर परवडत नसेल किंवा तालुक्याला मिळत नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये जा. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाखाली चालणाऱ्या या क्लिनिकमध्ये लक्षणांवरून उपचार करतात, औषधं मोफत मिळतात आणि जोडीदारालाही देतात. जवळचं क्लिनिक १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारता येतं.

## टप्पा ४: आतून तपासणी, आणि रिपोर्टची वाट न पाहणं

डॉक्टर हातमोजा घालून आतून तपासतात तेव्हा गर्भाशयाचं मुख हलवल्यावर दुखतं का, गर्भाशय दाबल्यावर दुखतं का, बाजूंना दुखतं का, या तीन गोष्टी पाहतात. संबंध येत असलेल्या स्त्रीला ओटीपोटात दुखत असेल, दुसरं कारण दिसत नसेल आणि या तीनपैकी एकही खूण असेल, तर ओटीपोटाचा संसर्ग धरून उपचार त्याच दिवशी सुरू करायचा असतो. स्वॅब आधी घ्यायचा आणि गोळी नंतर, पण दोन्ही एकाच दिवशी.

पीसीआर निगेटिव्ह आली तरी चालू कोर्स मध्येच थांबवायचा नाही. मुखाशी जिवाणू सापडला नाही म्हणून वर नळीत काही नाही असं होत नाही.

घाई का? स्वीडनमधल्या लुंड शहरात दुर्बिणीने निदान पक्कं केलेल्या स्त्रियांचा दीर्घकाळ पाठपुरावा झाला. एकदा संसर्ग झालेल्यांपैकी साधारण ८ टक्के स्त्रियांना नळ्यांमुळे वंध्यत्व आलं. दोनदा झालेल्यांत ते २० टक्क्यांच्या जवळ गेलं, तीन किंवा अधिक वेळा झालेल्यांत ४० टक्क्यांच्या. म्हणजे पहिल्या वेळेला बऱ्याच नळ्या वाचतात. दुसरी वेळ येऊ न देणं हे सगळ्यात मोठं काम, आणि दुसरी वेळ बहुतेकदा उपचार न झालेल्या जोडीदाराकडून येते.

सावधान: ताप आणि उलट्या, गोळ्या पोटात न टिकणं, गरोदरपण, सोनोग्राफीत पुवाची गाठ, किंवा अपेंडिक्सचा संशय, यांपैकी काहीही असेल तर घरी उपचार नाही. भरती व्हा.

## टप्पा ५: औषधं, दोघांची एकाच वेळी

फक्त मुखाशी असलेल्या क्लॅमिडियासाठी डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ७ दिवस. गरोदर स्त्रीला डॉक्सिसायक्लिन देत नाहीत, तिला ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम एकदाच. ओटीपोटात चढलेल्या संसर्गासाठी कोर्स १४ दिवसांचा असतो: सुरुवातीला सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचं इंजेक्शन, मग डॉक्सिसायक्लिन आणि मेट्रोनिडॅझोल दोन्ही दिवसातून दोनदा. सरकारी क्लिनिकमध्ये ओटीपोटाच्या दुखण्यासाठी जे किट मिळतं त्याचा डबा पिवळा असतो. त्यात इंजेक्शनऐवजी सेफिक्सिमची गोळी असते, बाकी १४ दिवसांचं गणित तेच.

आता त्या चार गोळ्यांच्या किटबद्दल. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या या किटमध्ये बहुधा ॲझिथ्रोमायसिनची एक, फ्लुकोनॅझोलची एक आणि सेक्निडॅझोलच्या दोन गोळ्या असतात, आणि सगळ्या एकाच दिवशी संपतात. पांढरं जाणं त्याने थांबूही शकतं, आणि घोटाळा तिथेच होतो. स्राव थांबला म्हणजे बरं झालं असं वाटतं, नळीतला संसर्ग मात्र एका दिवसाच्या औषधाने जात नाही. सरकारी हिरव्या किटचंही तसंच आहे. ते बुरशी आणि योनीदाहासाठी आहे, क्लॅमिडियासाठी नाही.

डॉक्सिसायक्लिन घेताना पेलाभर पाणी प्यायचं आणि निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करते. रात्रीची गोळी झोपताना घोटभर पाण्यासोबत घेतली जाते, म्हणून ती जेवणाबरोबरच उरका. लोह, कॅल्शियम आणि ॲसिडिटीच्या गोळ्या तिच्यासोबत घेतल्या तर ती नीट शोषली जात नाही, मध्ये दोन-तीन तास सोडा. मूल हवं असलेल्या बहुतेक बायका लोह-कॅल्शियम घेतच असतात, त्यामुळे ही चूक फार होते. मेट्रोनिडॅझोलने तोंड कडवट होतं आणि मळमळतं. सातव्या-आठव्या दिवशी कोर्स सुटतो तो यामुळे. जेवणानंतर घ्या, आणि सहनच होत नसेल तर बंद करण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

नवऱ्याला लक्षण असो वा नसो, त्याचा उपचार त्याच आठवड्यात. गेल्या ६० दिवसांत ज्यांच्याशी संबंध आला त्या सगळ्यांचा. दोघांचा कोर्स पूर्ण होईपर्यंत आणि दुखणं जाईपर्यंत संबंध नाही. ॲझिथ्रोमायसिनचा एकच डोस घेतला असेल तर त्यानंतर ७ दिवस नाही.

'मग हे आलं कुणाकडून?' हा प्रश्न घरात निघतोच. याचं खरं उत्तर असं की चाचणी ते सांगू शकत नाही. उपचार न झालेला क्लॅमिडिया लक्षणांशिवाय एक वर्षाहून अधिक काळही राहू शकतो. तो लग्नाआधीचा असू शकतो, कुणाही एकाचा असू शकतो, आणि ज्याचा रिपोर्ट आधी आला त्याचाच तो असतो असंही नाही. रिपोर्ट पुरावा म्हणून वापरला की नवरा औषध नाकारतो, आणि नुकसान पुन्हा बाईच्या नळ्यांचं होतं. हे दोघांना समोर बसवून डॉक्टरांनी किंवा समुपदेशकांनी सांगितलेलं बरं. तसं त्यांना आधीच सुचवून ठेवा.

## टप्पा ६: तीन दिवसांनी आणि तीन महिन्यांनी

औषध सुरू झाल्यापासून ७२ तासांत पुन्हा दाखवायचं. ताप उतरलेला आणि दाबल्यावरचं दुखणं कमी झालेलं असायला हवं. तसं नसेल तर निदान चुकलेलं असू शकतं, गाठ असू शकते, किंवा इंजेक्शनने उपचार लागतील. तांबी असेल तर ती सुरुवातीलाच काढावी लागत नाही. तीन दिवसांत फरक पडला नाही तरच तो विचार होतो.

बरं वाटलं म्हणून लगेच पुन्हा पीसीआर करू नका. मेलेल्या जिवाणूंचे अवशेष तीन-चार आठवडे सापडत राहतात आणि खोटा पॉझिटिव्ह येतो. गरोदर स्त्रीची खात्री चार आठवड्यांनी करतात. बाकी सगळ्यांची फेरतपासणी ३ महिन्यांनी, आणि दोघांचीही. ती औषध लागू पडलं का हे पाहण्यासाठी नसते, पुन्हा लागण झाली का हे पाहण्यासाठी असते. तोपर्यंत निरोध वापरला तर उत्तम.

सावधान: योग्य औषध पूर्ण घेऊनही ओटीपोट दुखत राहिलं, वजन उतरलं, पाळी अगदी कमी झाली किंवा घरात कुणाला क्षयरोग होऊन गेला असेल, तर गर्भाशय-नळ्यांच्या क्षयरोगाचा विचार करायलाच हवा. आपल्याकडे नळ्या बंद होण्याचं ते एक मोठं कारण आहे आणि तेही असंच न बोलता येतं. त्यासाठी पाळी येण्याआधीच्या दिवसांत गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा घेऊन सीबीनॅट ही क्षयरोगाचे जिवाणू शोधणारी चाचणी आणि कल्चर करतात. नुसती मँटू चाचणी किंवा रक्तातली अँटिबॉडी पाहून सहा महिन्यांची औषधं सुरू करू नयेत. चौथा-पाचवा अँटिबायोटिक कोर्स करण्यापेक्षा हा तुकडा तपासणं केव्हाही शहाणपणाचं.

## टप्पा ७: आता नळ्यांचा एक्स-रे

एचएसजी म्हणजे गर्भाशयात रंगद्रव्य सोडून काढलेला एक्स-रे. मुखाशी जिवाणू असताना ही तपासणी केली तर तेच द्रव्य त्यांना वर ढकलू शकतं. म्हणून ती सगळ्यात शेवटी. स्त्रीचं वय ३५ च्या पुढे असेल तर डॉक्टर मधला कालावधी कमी करतील, पण संसर्ग तपासण्याचा टप्पा गाळणार नाहीत. वीर्यतपासणीही याआधीच व्हायला हवी, २ ते ७ दिवस संबंध न ठेवता. तिच्या तीन तपासण्या झाल्या आणि त्याची एकही नाही, अशी फाईल अजूनही येते.

दिवस पाळीच्या ६ व्यापासून ११ व्यापर्यंतचा, रक्तस्राव थांबल्यावर. त्या पाळीपासून तपासणी होईपर्यंत संबंध नाही. दुखणं कमी व्हावं म्हणून तासभर आधी गोळी देतात. आधी ओटीपोटाचा संसर्ग झालेला असेल किंवा नळी फुगलेली दिसली तर डॉक्सिसायक्लिनचा ५ दिवसांचा कोर्स देतात. तो मागून घ्या. दोन दिवस थोडे डाग लागणं चालतं. ताप आला किंवा दुखणं वाढलं तर त्याच दिवशी दाखवा.

रिपोर्ट वाचताना नळी कुठे बंद आहे ते पाहा. गर्भाशयाजवळच बंद दिसत असेल तर ते तपासणीच्या वेळी स्नायू आवळल्यामुळेही असू शकतं. पुन्हा एचएसजी किंवा दुर्बिणीतून निळं द्रव्य सोडून खात्री करण्याआधी 'दोन्ही नळ्या बंद, थेट टेस्ट ट्यूब बेबी' असा निर्णय घेऊ नका. अंडाशयाकडच्या टोकाशी बंद आणि फुगलेली दिसत असेल तर तो बहुधा जुन्या संसर्गाचा परिणाम असतो. अशा पाणी भरलेल्या नळीसह टेस्ट ट्यूब बेबी केली तर यशाची शक्यता साधारण निम्म्यावर येते. म्हणून आधी ती नळी काढण्याचा किंवा मुळाशी बंद करण्याचा सल्ला देतात. 'नळी काढू नका, औषधाने उघडा' अशी विनंती पुष्कळ जण करतात. तसं औषध नाही.

आणि नळी उघडी दिसली तरी आतले तंतू शाबूत आहेत का, हे एक्स-रे सांगत नाही.

## एक उदाहरण, तारखांसह

समजा, सातारा जिल्ह्यातलं एक जोडपं आहे. तिचं वय २८, त्याचं ३१. तीन वर्षांपूर्वी गर्भ पडला, क्युरेटिंग झालं, त्यानंतर आठवडाभर ताप होता. पुढे पांढरं जातं म्हणून दोनदा चार गोळ्यांचं किट घेतलं. आता मूल राहत नाही म्हणून एचएसजी ठरली आहे.

१ फेब्रुवारीला आतून तपासताना गर्भाशयाचं मुख हलवल्यावर दुखतं. एचएसजी पुढे ढकलली जाते. गरोदरपणाची चाचणी निगेटिव्ह, स्वॅब घेतला, त्याच दुपारी इंजेक्शन आणि १४ दिवसांच्या गोळ्या सुरू. नवऱ्याला काहीच त्रास नाही, पण पहिल्या धारेची लघवी देऊन तोही त्याच दिवशी सात दिवसांचं डॉक्सिसायक्लिन सुरू करतो. ४ तारखेला तिचं दुखणं निम्म्यावर. आठवड्याच्या आत रिपोर्ट येतो: दोघंही क्लॅमिडिया पॉझिटिव्ह, गोनोरिया निगेटिव्ह. तिचा कोर्स १४ तारखेला रात्री संपतो.

मधल्या काळात निरोध. त्याची वीर्यतपासणी ठीक येते. मेच्या पहिल्या आठवड्यात दोघांची पीसीआर निगेटिव्ह. १० मेला पाळी येते, १७ मेला, म्हणजे आठव्या दिवशी, एचएसजी. उजवी नळी उघडी, डावी टोकाशी बंद आणि फुगलेली. पुढच्या पाळीआधी अस्तराचा तुकडा क्षयरोगासाठी तपासला, त्यात काही नाही. आता डॉक्टर दुर्बिणीने पोटात पाहून, उजवी नळी कितपत चांगली आहे ते ठरवून, डावी काढण्याचा पर्याय मांडतात. त्यानंतर काही महिने नैसर्गिक प्रयत्न करता येतात.

१ फेब्रुवारीच्या आठवड्यातच एचएसजी झाली असती तर मुखाशी असलेला जिवाणू उजव्या नळीपर्यंत जाण्याचा धोका होता, आणि त्या नळीवरच आता सगळं अवलंबून आहे.

## टप्पा ८: त्रास नसतानाची तपासणी

भारतात क्लॅमिडियासाठी सरसकट तपासणीची मोहीम नाही, त्यामुळे हे मागून करून घ्यावं लागतं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेची शिफारस अशी आहे की संबंध येत असलेल्या २५ वर्षांखालच्या प्रत्येक स्त्रीने वर्षातून एकदा ही चाचणी करावी. त्यापुढच्या वयात जोडीदार नवा असेल, एकाहून अधिक असतील किंवा जोडीदाराला असा आजार असेल तर करावी. आपल्या डॉक्टरांकडे यासाठी चाचणी मागताना 'लक्षण काय आहे?' असं विचारलं जाईल. लक्षण नाही, म्हणूनच तपासायचं आहे, एवढं सांगा.

यात मी आणखी तीन प्रसंग जोडेन: तांबी बसवण्याआधी, गर्भपात करून घेण्याआधी, आणि लग्न ठरल्यावर. तांबीमुळे संसर्गाचा धोका वाढतो तो बसवल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत, आणि तोही मुख्यतः आधीपासून मुखाशी संसर्ग असेल तर. लग्नाआधी पत्रिका, रक्तगट आणि थॅलेसेमिया पाहणाऱ्यांनी दोघांची ही एक चाचणी त्यात घालायला हरकत नाही. निरोध दर वेळी आणि सुरुवातीपासून वापरला तरच तो इथे उपयोगी. गर्भनिरोधक गोळ्या जिवाणू अडवत नाहीत.

## दिवस गेल्यावर

ओटीपोटाचा संसर्ग होऊन गेलेल्या स्त्रीला दिवस गेले की गर्भ नळीतच रुजण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. चाचणी पॉझिटिव्ह आली की पेढे वाटण्याआधी डॉक्टरांना फोन करा, आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास योनीमार्गातून सोनोग्राफी करून गर्भ गर्भाशयातच आहे हे पाहून घ्या. त्याआधी एका बाजूला दुखलं, रक्ताचे डाग लागले, चक्कर आली किंवा खांद्याच्या टोकाला दुखलं, तर सोनोग्राफीच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. रात्र असली तरी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जा, आणि दारातच सांगा: 'पाळी चुकली आहे, आधी नळीला संसर्ग झाला होता.'